प्रोजेक्टची ग्रेड कमी आली? अर्जात नेमके काय लिहावे

इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा निकाल लागला की परीक्षा विभागाकडे एक अर्ज हमखास येतो : ‘खूप मेहनत घेऊनही प्रोजेक्टला कमी ग्रेड मिळाली, कृपया फेरमूल्यांकन करावे.’ असा अर्ज बहुधा तिथेच अडतो. लेखी पेपरची उत्तरपत्रिका दुसऱ्या परीक्षकाकडे पाठवता येते. झालेली तोंडी परीक्षा कशी पाठवणार? म्हणूनच अनेक विद्यापीठांत टर्मवर्क आणि तोंडी परीक्षेला फेरमूल्यांकन लागू नसते.

तपासता येते ती गुणांची नोंद. समजा, टर्मवर्कचे ५० गुण दोन आढाव्यांत विभागले आहेत. गाईडची सही असलेल्या तक्त्यात २२ आणि २१, म्हणजे ४३ गुण आहेत. गुणपत्रिकेत मात्र ३४ छापले गेले. अशा वेळी अर्जात मेहनतीचा विषयच नको. परीक्षा क्रमांक, विषयाचा कोड, दोन्ही आकडे आणि ‘मूळ तक्त्याशी पडताळणी करून दुरुस्ती करावी’ एवढी मागणी पुरे. तक्त्याची प्रत जोडावी आणि शिक्क्याची पोच घ्यावी. अर्ज कॉलेजमार्फत गेलेला बरा, कारण टर्मवर्कचे गुण कॉलेजच भरते.

तरीही दाद मिळाली नाही, तर यूजीसीच्या २०२३च्या नियमांनुसार विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जाता येते. तिचा निर्णय मान्य नसल्यास तो मिळाल्यापासून १५ दिवसांत लोकपालांकडे अपील करता येते. मात्र लोकपालही निकालावर परिणाम करणारी ठोस अनियमितता किंवा भेदभाव दाखवल्याशिवाय उत्तरपत्रिकेच्या फेरतपासणीचा अर्ज घेत नाहीत.