दुसरा कर्ण किती भार उचलतो?

चार पोलादी कांबा टोकांना खिळींनी जोडून केलेला चौकोन ढकलताच तिरपा होतो. त्यात एक कर्ण बसवला की तो ताठ उभा राहतो. मग दुसरा कर्ण कशासाठी, आणि तो नेमका किती भार घेतो?

एक चौकट घेऊ. प्रत्येक बाजू 2 मीटर, सगळ्या कांबांचा छेद 5 चौरस सेंटिमीटर. खालचा डावा कोपरा पक्का, उजवा रोलरवर. वरच्या डाव्या कोपऱ्यावर उजवीकडे 10 किलोन्यूटन, म्हणजे सुमारे एक टनाचा, आडवा रेटा आहे. पक्क्या कोपऱ्यातून वर जाणारा एकच कर्ण असेल तर हिशेब सोपा: कर्णात 14.1 किलोन्यूटन ताण, वरच्या आणि उजव्या कांबेत 10-10 किलोन्यूटन दाब, बाकी दोन कांबा रिकाम्या.

दुसरा कर्ण आला की समतोलाची समीकरणे अपुरी पडतात. चार सांध्यांची आठ समीकरणे, आणि अज्ञात बले नऊ. नववी अट भूमितीतून मिळते. नवा कर्ण मध्ये कापला आहे असे समजा. रेट्याखाली चौकट तिरपी होते आणि कापाची दोन टोके 0.683 मिलिमीटरने एकमेकांत घुसू पाहतात. त्या टोकांना 1 किलोन्यूटनने परस्परांपासून रेटले, तर ती 0.0966 मिलिमीटरने दूर सरतात. कांब खरी तर अखंड आहे, म्हणून घुसणे शून्यच राहायला हवे. भागाकार केला की उत्तर येते: नव्या कर्णात 7.07 किलोन्यूटन दाब. जुन्या कर्णातला ताणही 7.07 वर उतरतो आणि चारही बाजूंवर 5-5 किलोन्यूटन येतात.

कांबांत साठलेल्या विकृती-ऊर्जेवरूनही हेच दिसते. नव्या कर्णाने काहीच घेतले नाही तर ऊर्जा 4.83 जूल, 10 किलोन्यूटन घेतले तर 2.83, आणि 7.07 घेतले तर 2.41. ही सर्वांत कमी. अतिरिक्त बल ऊर्जा किमान करणारेच असते, हे तत्त्व इटलीच्या मेनाब्रेआने 1858 मध्ये मांडले आणि कास्तिल्यानोने 1870च्या दशकात त्याला भक्कम सिद्धांताचे रूप दिले.

मात्र हा हिशेब कर्ण बरोब्बर मापाचा आहे असे धरतो, आणि दाबाखाली तो वाकणार नाही असेही. नवा कर्ण केवळ 1 मिलिमीटर आखूड निघाला आणि ओढून बसवला, तर कोणताही रेटा नसताना दोन्ही कर्णांत 10.4 किलोन्यूटन ताण येतो. वर तोच रेटा आला की जुन्या कर्णात 17.4 किलोन्यूटन होतात. एकटा असताना त्याने 14.1 किलोन्यूटनच सोसले होते. म्हणून जादा कर्ण बसवताना त्याची लांबी मोजणे, हा त्याच्या बळाच्या हिशेबाचाच भाग आहे.