अंधारातले मूग उंच कसे?

"मुगाला वाढायला उजेड लागतो का?" बाईंनी विचारलं की वर्गातले बहुतेक हात वर जातात. उत्तर बरोबर की चूक, हे बाई मुद्दामच सांगत नाहीत. अमेरिकेतील बीएससीएस या संस्थेत रॉजर बायबी आणि सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात मांडलेल्या पाच टप्प्यांच्या अध्ययनचक्राची सुरुवात अशीच होते, कुतूहल चाळवून.

दुसरा टप्पा शोधाचा. दोन कपांत तीच माती, दहा-दहा मूग, तेवढंच पाणी; एक कप खिडकीत, दुसरा खोक्याखाली. "काय सारखं ठेवलं? काय बदललं?" मुलं रोज पट्टीने उंची मोजतात. आठवड्याभरात खोक्यातली रोपं उंच निघतात आणि वर्ग चक्रावतो! पाणी जास्त झालं तर मात्र बी कुजतं आणि मोजायला काही उरत नाही.

आता स्पष्टीकरण, पण आधी मुलांचं. "उंच झालं म्हणजे वाढलं का? वाळवून वजन केलं तर कोणतं भरेल?" अंधारातली रोपं फिकट, लुकडी, पानं चिमुकली. बियांतला साठा खर्चून ती उजेडासाठी ताणलेली असतात. वाळवल्यावर खिडकीतलीच जड भरतात. नेमकं इथेच घाईने उत्तर सांगून टाकण्याचा मोह शिक्षकांना आवरत नाही.

चौथा टप्पा विस्ताराचा: "खोक्याला एका बाजूने भोक पाडलं तर?" खोड तिकडे वाकतं.

शेवटी मूल्यमापन, लेखी पेपराविना: "टोपलीत तळाशी राहिलेल्या बटाट्याचा कोंब लांब आणि पांढरट का?" कारणासह उत्तर देणाऱ्या मुलाला धडा समजला आहे.