दोन्हीकडे शून्य, बेरीज 78,780

लालबागच्या आमच्या चाळीतल्या शेजाऱ्यांच्या मुलाने ऑक्टोबर 2025मध्ये गिरगावातली नोकरी सोडली आणि तो लोअर परळला एका ऑफिसात लागला. पहिला पगार झाल्यावर खुशीत सांगायला आला, "काका, इथेही टॅक्स कापला नाही!" म्हटलं, "पेढे नंतर, आधी दोन्हीकडच्या पगाराच्या स्लिपा घेऊन ये."

जुन्या ठिकाणी त्याला महिना एक लाख मिळत होते. त्यांनी वर्षाचे बारा लाख धरले, त्यातून 75 हजारांची प्रमाणित वजावट काढली. उरले सव्वाअकरा लाख. नव्या करप्रणालीत 2025-26 साठी 12 लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नाला 87अ कलमाची सवलत आहे, म्हणून कपात शून्य. नव्या कंपनीत पगार एक लाख तीस हजार. तिच्या हिशोबी वर्ष ऑक्टोबरलाच सुरू झालं: सहा महिन्यांचे 7 लाख 80 हजार, वजावट पुन्हा 75 हजार, कपात पुन्हा शून्य.

चूक कुणाचीच नाही, पण दोघांनीही फक्त आपलाच पगार पाहिला. खरा हिशोब असा: 6 लाख आणि 7 लाख 80 हजार मिळून 13 लाख 80 हजार. वजावट एकदाच, म्हणून करपात्र 13 लाख 5 हजार. सवलतीची मर्यादा ओलांडली. कर 75,750 आणि त्यावर 4 टक्के उपकर, एकूण 78,780 रुपये. काहीच न भरता जुलैमध्ये विवरणपत्र भरायला बसला असता, तर 234ब आणि 234क खाली आणखी सातेक हजार व्याज पडलं असतं.

2025-26 साठी इलाज म्हणजे फॉर्म 12ब. त्यात जुन्या कंपनीचं नाव, टॅन, तिथे काम केल्याचा काळ, मिळालेला पगार, भविष्य निर्वाह निधीची कपात आणि कापलेला कर लिहून नव्या कंपनीला द्यायचा. जुन्या कंपनीकडचा फॉर्म 16 वर्ष संपल्यावर जूनमध्ये येतो, त्याची वाट बघत बसू नये; शेवटची स्लिप आणि कराचा तक्ता पुरतो. हा फॉर्म देणं कर्मचाऱ्याच्या हातात असतं, कंपनी आपणहून विचारेलच असं नाही. रुजू होतानाच दिला असता तर महिना 13,130 रुपये कापून मार्चपर्यंत हिशोब मिटला असता. आमच्या या पोराने डिसेंबरात दिला, म्हणून उरलेल्या चार पगारांतून जवळपास वीस-वीस हजार गेले. पेढे राहिलेच.

एक बारीक गोष्ट राहिली. 12ब दिल्यावर नव्या कंपनीच्या फॉर्म 16च्या भाग बमध्ये जुना पगारही 'इतर नियोक्त्याकडून मिळालेला' म्हणून दिसतो. विवरणपत्र भरताना तो जुन्या फॉर्म 16मधून पुन्हा मिळवू नका, आणि 75 हजारांची वजावट दोनदा घेऊ नका.