सोनं कोसळलं, रेषा नंतर वळल्या

11 ऑगस्ट 2020. विक्रमी भावावरून उतरू लागलेलं सोनं त्या एका दिवसात औंसामागे शंभराहून अधिक डॉलरनी आपटलं. अशा दिवशी चार्टवरचा एमएसीडी काय करतो?

एमएसीडी म्हणजे 12 आणि 26 दिवसांच्या भारित सरासरींमधला फरक. तो भाव नव्हे, भावाचा वेग दाखवतो. या फरकाचीच 9 दिवसांची सरासरी म्हणजे सिग्नल रेषा. एमएसीडी तिच्याखाली गेला की विक्रीचा क्रॉसओव्हर.

आता हिशेब करू. ताज्या भावाला 12 दिवसांच्या सरासरीत साधारण 15 टक्के वजन असतं, 26 दिवसांच्या सरासरीत 7 टक्के. म्हणून 100 डॉलरच्या घसरणीने एमएसीडी जेमतेम 8 डॉलरनी खाली येतो. सिग्नल रेषाही त्याचा पाचवा हिस्सा उतरते, म्हणजे दोघांतलं अंतर फक्त 6.4 डॉलरनी घटतं. आधीच्या तेजीने ते 12 डॉलर झालं असेल, तर इतकं पडूनही क्रॉसओव्हर नाहीच! आकडे लहान केले तर इशारा लवकर येतो खरा. पण मग रेंगाळणाऱ्या बाजारात खोटे इशारेच जास्त, आणि ते मला अधिक महागडे वाटतात.