आकडा कुणाच्या वहीतला?

भाचीने एका संध्याकाळी दोन परिच्छेद पाठवले आणि खाली एकच ओळ लिहिली, ‘मामा, यातला कुठला ठेवू?’ ती मसाले आणि लोणची ऑनलाइन विकणाऱ्या एका छोट्या कंपनीत मार्केटिंग पाहते. आता तिला जरा मोठ्या ठिकाणी, जाहिरातींचं बजेट सांभाळण्याच्या जागेसाठी अर्ज करायचा होता. काम एकच, कालावधी तोच, फक्त लिहिणं दोन तऱ्हांचं. मूळ मजकूर इंग्रजीत होता. इथे मराठीत देतो.

पहिला असा: ‘कंपनीच्या सोशल मीडियाची आणि ईमेल मोहिमांची संपूर्ण जबाबदारी सांभाळली. इन्स्टाग्रामवरचे फॉलोअर्स 240 टक्क्यांनी वाढवले, महिन्याला 3 लाख लोकांपर्यंत पोहोचलो, ईमेल उघडले जाण्याचं प्रमाण 19 टक्क्यांवरून 38 टक्क्यांवर नेलं. जाहिरातींची कामगिरी लक्षणीयरीत्या सुधारली.’

दुसरा: ‘जाहिरातींचा महिन्याचा खर्च 1 लाख 20 हजारांवरच ठेवून ऑर्डरी 400 वरून 600 वर नेल्या, एका ऑर्डरमागचा जाहिरातखर्च 300 रुपयांवरून 200 वर आला. जिथे माल वेळेत पोहोचत नव्हता ते पिनकोड जाहिरातींतून वगळले आणि डिलिव्हरीचा आकार ग्राहकाला शेवटी न दाखवता आधीच दाखवला.’

‘पहिल्यात आकडे जास्त आहेत,’ तिने फोनवर सांगितलं. होते खरे. अर्जात आकडे घाला, हा सल्ला आता सगळीकडे दिला जातो. गूगलमध्ये मनुष्यबळ विभागाचे प्रमुख असलेले लास्लो बॉक यांनी त्यासाठी एक साचाच दिला होता: काय साधलं, ते कशाने मोजलं आणि ते काय करून साधलं. लोक यातला मधला तुकडा तेवढा उचलतात. पहिल्या परिच्छेदात मोजमाप भरपूर आहे, पण काय करून हे झालं याबद्दल अवाक्षर नाही. ‘जबाबदारी सांभाळली’ हे तर तिच्या नेमणूकपत्रातही लिहिलेलं असणार.

मग एकेक आकडा घेऊन बसलो. 240 टक्के वाढ कशावर? मूळ संख्या 500 होती आणि ती 1,700 झाली. टक्केवारी खरी, पण पाया लपवलेला. अर्ज वाचणारा माणूस पाया दिसला नाही की तो लहानच असणार असं धरून चालतो, आणि बहुतेक वेळा त्याचं बरोबर असतं. 3 लाख लोकांपर्यंत पोहोचणं हे बरंचसं पैसे मोजले की होतं. त्यातल्या किती जणांनी लोणच्याची बरणी घेतली हे त्यातून कळत नाही.

ईमेलचा आकडा मात्र मला सगळ्यात धोक्याचा वाटला. पत्र उघडलं की नाही हे त्यात दडवलेल्या एका न दिसणाऱ्या चित्रावरून मोजतात. ते चित्र उतरलं की पत्र उघडलं असं धरायचं. सप्टेंबर 2021 मध्ये ॲपलने आयफोनच्या मेलमध्ये अशी सोय दिली की ती चालू केलेल्यांच्या पत्रांतली चित्रं कंपनी स्वतःच आधी उतरवून घेते, मग त्या माणसाने पत्र वाचलेलं असो वा नसो. त्यामुळे त्या काळात अनेकांचं हे प्रमाण बसल्या जागी वाढलं. भाचीची तुलना नेमकी 2021 ते 2022 अशी होती. मुलाखत घेणारा या धंद्यातला असेल तर त्याचा पहिला प्रश्न हाच येईल.

दुसऱ्या परिच्छेदात फुशारकी कमी आहे, पण तो तपासता येतो. खर्च भागिले ऑर्डरी, तोंडी हिशेब जमतो. खर्च तेवढाच ठेवल्यामुळे ‘पैसे ओतले म्हणून विक्री वाढली’ ही शंका आपोआप गळून पडते. शिवाय पिनकोडची गोष्ट वाचताना माणूस डोळ्यांसमोर येतो: कुठून ऑर्डरी रद्द होतात याची यादी काढून बसलेली, आणि टोपलीत सामान भरून शेवटच्या पायरीवर 80 रुपये डिलिव्हरी दिसताच ग्राहक पळतो हे लक्षात आलेली मुलगी.

तरी मी लगेच हो म्हटलं नाही. विचारलं, ‘400 कुठल्या महिन्यातल्या आणि 600 कुठल्या?’ जुलै आणि ऑक्टोबर असं उत्तर आलं असतं तर सगळंच संपलं होतं. दिवाळीच्या तोंडावर मसाले कुणाचेही खपतात. पण तिने एका वर्षाचे जानेवारी ते मार्च आणि पुढच्या वर्षीचे तेच महिने घेऊन मासिक सरासरी काढली होती. फक्त परिच्छेदात ते लिहिलं नव्हतं. चार शब्द वाढले असते, पण शंका मिटली असती.

दुसरा प्रश्न जास्त नाजूक होता. ‘या 600 ऑर्डरी मोजल्या कुणी?’ जाहिरात दाखवणाऱ्या कंपनीच्या पडद्यावरून घेतल्या होत्या. तिथली मोजणी उदार असते. जाहिरात नुसती पाहून, न दाबता, दुसऱ्या वाटेने येऊन एखाद्याने खरेदी केली तरी ती बऱ्याचदा जाहिरातीच्या खात्यावर पडते. त्यात आपल्याकडे कॅश ऑन डिलिव्हरी. ऑर्डर नोंदवली जाते, माल दारापर्यंत जातो आणि ‘नको आता’ म्हणून परत येतो. पडद्यावर मात्र ती विक्रीच.

‘कंपनीच्या वहीत बघ,’ म्हटलं. दोन दिवसांनी तिचा फोन आला तेव्हा आवाज उतरलेला होता. जाहिरातीतून आलेल्या आणि खरोखर पैसे मिळालेल्या ऑर्डरी आधी 375 होत्या, नंतर 540. ‘मामा, 50 टक्क्यांची वाढ 44 वर आली.’

मी तिला सरासरी ऑर्डर केवढ्याची असते ते विचारलं. 750 रुपये. त्यात माल, बाटल्या, पाठवणी जाऊन 40 टक्के, म्हणजे 300 रुपये सुटायचे. पडद्यावरच्या आकड्यांनी बघितलं तर पूर्वी ऑर्डरमागे 300 सुटत आणि 300 जाहिरातीला जात. कंपनी ना नफा ना तोटा अशा ठिकाणी होती. वहीतल्या आकड्यांनी तोच जाहिरातखर्च 320 निघतो. म्हणजे प्रत्येक बरणीमागे कंपनी पदरचे पैसे घालत होती, आणि महिन्याला साडेसात हजार बुडवत होती. नंतर खर्च 222 वर आला आणि महिन्याला 42 हजार सुटू लागले. लहान आकड्यांनी सांगितलेली गोष्ट मोठी निघाली: तोट्यातली जाहिरात नफ्यात आली.

हे अर्जात जसंच्या तसं लिहिता येत नाही. किती सुटतं हा कंपनीचा अंतर्गत मामला आहे. तो बाहेर फोडणाऱ्या उमेदवाराकडे नवा मालक जरा जपूनच बघेल. म्हणून तिने रुपये काढून टाकले आणि लिहिलं: ‘आदल्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी तुलना करता, तेवढ्याच खर्चात, परत आलेला माल वजा जाता ऑर्डरी 44 टक्क्यांनी वाढल्या आणि तोट्यात चाललेल्या जाहिराती नफ्यात आल्या.’ पुढे पिनकोड आणि डिलिव्हरीची वाक्यं तशीच ठेवली.

जागा ब्रँड किंवा लेखन सांभाळण्याची असती तर मी कदाचित इन्स्टाग्रामकडे परत वळलो असतो. 1,700 लोकांतले किती जण पाककृती जपून ठेवतात, दुसऱ्याला पाठवतात, हे तिथे बोललं असतं. पण या जाहिरातीत ‘बजेट’ हा शब्द तीनदा आला होता.

पहिल्या परिच्छेदातलं शेवटचं वाक्य, ‘कामगिरी लक्षणीयरीत्या सुधारली’, ते तिला फार आवडत होतं. तेवढं तरी ठेवू का, म्हणून तिने अर्ज पाठवायच्या आदल्या रात्री पुन्हा विचारलं.

‘किती सुधारली?’ मी विचारलं.

‘ते वर लिहिलंय की,’ ती म्हणाली, आणि खोडून टाकलं.