एसएसडीवरून डिलीट झालेली फाइल रिकव्हरी सॉफ्टवेअरला का सापडत नाही?

"फाइल चुकून डिलीट झाली, रिसायकल बिनही रिकामा केला, आता एखादं चांगलं रिकव्हरी सॉफ्टवेअर सुचवा." हा प्रश्न आला की मी सॉफ्टवेअरचं नाव सांगण्याआधी उलट विचारतो: तुमच्या कॉम्प्युटरमध्ये फिरणारी हार्ड डिस्क आहे की एसएसडी? तुम्हाला माहीत नसेल तर विंडोजच्या सर्चमध्ये Optimize Drives टाइप करा. जी खिडकी उघडेल त्यात Media type या रकान्यात प्रत्येक ड्राइव्हचा प्रकार लिहिलेला असतो.

आता एक उदाहरण घेऊ. समजा तुमचा दिवाळी फराळाचा व्यवसाय आहे. गेल्या तीन वर्षांचे ग्राहक, त्यांचे पत्ते, कोणाची किती उधारी आणि पदार्थांचे फोटो असं सगळं एका एक्सेल फाइलमध्ये आहे. फाइल १२ एमबीची. फोल्डर साफ करताना ती निवडली गेली आणि हात सवयीने Shift+Delete वर पडला. म्हणजे फाइल रिसायकल बिनमध्ये न जाता थेट गेली.

जुन्या डेस्कटॉपवर, हार्ड डिस्कवर हे झालं असतं तर काय? हार्ड डिस्क म्हणजे एक गोदाम समजा. माल कप्प्यांमध्ये, आणि कुठल्या कप्प्यात काय आहे ते दाराशी ठेवलेल्या रजिस्टरमध्ये. डिलीट करताना विंडोज फक्त रजिस्टरमधल्या नोंदीवर काट मारतं आणि "हे कप्पे आता वापरायला मोकळे" असं लिहितं. माल जागच्या जागीच राहतो. त्या कप्प्यांत दुसरा माल येईपर्यंत रिकव्हरी सॉफ्टवेअर काट मारलेली नोंद वाचतं, कप्प्यापर्यंत जातं आणि फाइल उचलून आणतं. म्हणून तर पूर्वी तासाभराने, कधी कधी महिन्याभरानेही फाइल मिळायची.

एसएसडीचं गोदाम वेगळं. तिच्या चिपमध्ये लिहिलेल्या जागेवर पुन्हा थेट लिहिता येत नाही, आधी पुसावं लागतं. आणि अडचण अशी की लिहायचं असतं काही केबीच्या छोट्या पानावर, पण पुसायचं तर अशी शेकडो पानं असलेला अख्खा ब्लॉकच पुसावा लागतो. त्यात एक पान कामाचं असेल तर ते आधी दुसरीकडे हलवायचं, मग पुसायचं. ऐन वेळी हे करत बसलं तर ड्राइव्ह मंदावते. म्हणून नको असलेली पानं कोणती हे तिला आधीच कळायला हवं. पण तिला फाइल वगैरे काही कळत नाही, फक्त जागांचे क्रमांक कळतात. रजिस्टर असतं विंडोजकडे. मग विंडोजच डिलीटच्या वेळी तिला कळवतं की अमुक क्रमांकांपासून तमुक क्रमांकांपर्यंतचा माल आता नको. या निरोपाचं नाव ट्रिम. विंडोज ७ पासून ही सोय आहे. शिवाय Optimize Drives मधून ठरावीक दिवशी, मूळ सेटिंगनुसार आठवड्यातून एकदा, सगळ्या मोकळ्या जागांसाठी हा निरोप पुन्हा जातो.

इथे बरेच जण एक गल्लत करतात. ते म्हणतात, "निरोप मिळाला म्हणून लगेच पुसलं थोडंच जातं? मग लवकर केलं तर मिळेल की!" अर्धं बरोबर आहे. चिपमधला मजकूर खरोखर पुसण्याचं काम ड्राइव्ह नंतर सवडीने करते. पण त्याच्या आधीच ती तो क्रमांक आणि ते पान यांची जोडी तोडते. रिकव्हरी सॉफ्टवेअरला चिपपर्यंत थेट जाता येत नाही, त्याला क्रमांक सांगून ड्राइव्हकडेच मागावं लागतं. आणि त्या क्रमांकाला आजच्या बहुतेक एसएसडी उत्तर देतात: शून्य, शून्य, शून्य. सॉफ्टवेअर फुकट असो की पाच हजारांचं, उत्तर तेच.

आता फसवणूक होते ती जागा नीट बघा. रजिस्टर स्वतः ट्रिम झालेलं नसतं! त्यामुळे सॉफ्टवेअरच्या यादीत फाइलचं नाव दिसतं, तारीख दिसते, १२ एमबी आकार दिसतो, "स्थिती उत्तम" असा हिरवा शेराही दिसतो. तुम्ही खुश होऊन लायसन्सचे पैसे भरता, फाइल परत येते, अगदी १२ एमबीची. आणि एक्सेल म्हणतं, उघडता येत नाही.

फाइल थोडी बिघडली आहे की आत सगळी शून्यंच आहेत, हे ओळखायला एक सोपी युक्ती आहे. तिच्यावर राइट क्लिक करून तिची झिप बनवा. एक्सेलची xlsx फाइल मुळातच आवळलेली असते, त्यामुळे खऱ्या फाइलची झिप जवळजवळ तेवढीच, म्हणजे ११-१२ एमबीची होते. शून्यांची फाइल असेल तर झिप होते जेमतेम १२-१५ केबीची. असं दिसलं की "फाइल रिपेअर" करून देणाऱ्याला पैसे देऊ नका, आत दुरुस्त करण्यासारखं काही नाहीच. दुकानात ड्राइव्ह दिली असेल तर नावांच्या यादीचा स्क्रीनशॉट बघून पैसे देऊ नका, एक फाइल समोर उघडून दाखवायला सांगा.

तुमच्या विंडोजवर ट्रिम चालू आहे का, हे कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून बघता येतं:

```
fsutil behavior query DisableDeleteNotify
```

NTFS च्या ओळीत 0 आलं तर ट्रिम चालू, 1 आलं तर बंद. (नाव "डिसेबल" असल्यामुळे उलटं वाटतं, गोंधळू नका.) "मग बंदच करून टाकू का?" असं काही जण विचारतात. नको. लिहिण्याचा वेग हळूहळू घसरतो, आणि पुसली न गेलेली फाइल नवीन मजकुराखाली कधी जाईल याचा भरवसा तरीही नाहीच.

सगळीकडे मात्र आशा सोडायची नाही. पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्डवर डिलीटच्या वेळी हा निरोप सहसा जात नाही. यूएसबीने जोडलेल्या बऱ्याच बाहेरच्या एसएसडींमध्येही मधला अडॅप्टर तो पुढे पोचवत नाही. तिथे लगेच वापर थांबवून रिकव्हरी करून बघण्यात अर्थ आहे. उलट, काही नवीन हार्ड डिस्कही ट्रिम पाळतात, त्यामुळे "फिरणारी आहे म्हणजे मिळेलच" असंही समजू नका. आणि एसएसडीवर क्विक फॉरमॅट मारलं असेल तर विंडोज सगळ्या ड्राइव्हसाठीच हा निरोप पाठवतं.

आपल्या फराळवाल्या फाइलकडे परत येऊ. रिसायकल बिनमध्ये असलेल्या फाइलला ट्रिम लागत नाही, कारण ती फक्त हललेली असते. म्हणून आधी बिन उघडून बघा. तिथे नसेल तर ज्या फोल्डरमध्ये ती होती त्याच्या Properties मध्ये Previous Versions बघा. फाइल हिस्टरी किंवा सिस्टम प्रोटेक्शन चालू असेल तर जुनी प्रत तिथे मिळते. फोल्डर गूगल ड्राइव्हशी जोडलेला असेल तर तिथल्या ट्रॅशमध्ये ती ३० दिवस राहते, पण ही मुदत संपायच्या आत बघायला हवं. त्यानंतर मेलमधले Sent, सीएंना पाठवलेली अटॅचमेंट, कामावरच्या ताईंना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली प्रत. महिनाभर जुनी प्रत सापडली तर त्यापुढच्या ऑर्डरी बिलांवरून आणि यूपीआयच्या नोंदींवरून पुन्हा भरता येतात. हे दोन दिवसांचं काम आहे, पण आकडे खरे मिळतात.