चौथ्या घरातली माणसं

कारखाना वाढवायचा ठरला की व्यवस्थापक कागदावर चौकोन काढून त्याची चार घरं करतात. उभ्या बाजूला ताकद: हा माणूस काम अडवू शकतो का? आडव्या बाजूला आस्था: या कामात त्याचं बरं-वाईट किती गुंतलंय? ताकद आणि आस्था दोन्ही मोठ्या असतील, त्याला सोबत घेऊन चालायचं. ताकद मोठी पण आस्था कमी असेल, त्याला समाधानी ठेवायचं. दोन्ही कमी असतील, त्याच्याकडे अधूनमधून लक्ष ठेवायचं. आणि आस्था मोठी पण ताकद कमी असेल, त्याला माहिती देत राहायचं. घात होतो तो या चौथ्या घरात.

तुतिकोरिनचा स्टरलाइट तांबे कारखाना घ्या. वर्षाला ४ लाख टनांची क्षमता ८ लाखांवर न्यायची होती. प्रदूषण नियंत्रण मंडळ पहिल्या घरात बसतं, कारण त्याच्या संमतीशिवाय भट्टी पेटत नाही. कर्ज देणारी बँक दुसऱ्या घरात. हप्ते वेळेवर येतात तोवर ती शांत असते, पण परवाना अडकला की तीच पहिल्या घरात येऊन बसते. कामगारांना एका घरात कोंबता येत नाही. संघटनेतल्या कायम कामगाराकडे संपाची ताकद असते. कंत्राटी मजुराची रोजीरोटी त्याच कारखान्यावर, पण ताकद जवळजवळ नाही.

उरले शेजारी. विस्ताराच्या जागेला लागून असलेल्या कुमारेड्डियापुरम गावाने फेब्रुवारी २०१८ मध्ये आंदोलन सुरू केलं. एकट्या गावाची ताकद ती किती? पण मच्छीमार आले, व्यापारी आले. एप्रिलमध्ये मंडळाने कारखान्याच्या संमतीचं नूतनीकरण नाकारलं. २२ मे रोजी, आंदोलनाच्या शंभराव्या दिवशी, मोर्चावर पोलिसांचा गोळीबार झाला आणि १३ माणसं गेली. दुसऱ्याच दिवशी मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने विस्तार थांबवून जनसुनावणी घ्यायला सांगितलं. २८ मे रोजी राज्य सरकारने कारखानाच बंद केला. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो उघडायला नकार दिला. वाढ राहिली बाजूला, होता तो कारखानाही गेला.

शेजाऱ्यांची ताकद गावात मोजून कळत नाही. ती मंडळ आणि न्यायालय यांच्या दारातून येते. म्हणून तक्त्यात प्रत्येक नावापुढे आणखी एक प्रश्न लिहावा: हा माणूस चिडला तर कोणाचं दार ठोठावेल? गावाच्या सभेला बाहेरची माणसं येऊ लागली, तक्रारींच्या जागी याचिका येऊ लागल्या, की समजावं, घर बदललं.

हा धडा नवा नव्हता. हाच कारखाना आधी रत्नागिरीत येणार होता. १९९३ च्या सुमारास आंबा बागायतदार आणि मच्छीमार उभे राहिले आणि तो तिथून हलला. चौथ्या घरातल्या माणसांना नुसती माहिती देऊन भागत नाही. आराखडा पक्का होण्याआधी त्यांच्या ओसरीवर जाऊन बसावं लागतं.